उणे चिन्हाची चौकशी : बहुपर्यायी प्रश्नांच्या पृथक्करणाचा आढावा

आरोंद्यासारख्या खाडीकाठच्या गावात शिष्यवृत्तीच्या सराव परीक्षेचे गठ्ठे घेऊन संध्याकाळी पडवीत बसणाऱ्या शिक्षकाला मुलांचे गुण मांडून झाले, अनुक्रम लावून झाले आणि पालकांना दाखवायचा तक्ता भिंतीवर चिकटवून झाला, की आपले काम संपले असे वाटते, आणि तसे वाटण्यात त्याचा फारसा दोषही नाही. कारण परीक्षा ही मुलांची असते, प्रश्नांची नव्हे, ही समजूत आपल्या शिक्षणखात्याच्या दफ्तरांत इतकी जुनी आहे की, पंचाहत्तर प्रश्नांपैकी नेमक्या कोणत्या प्रश्नाने आपले काम चोख बजावले आणि कोणत्याने कसूर केली, हे विचारण्याचा रकानाच त्या तक्त्यात नसतो. मुलाला १०४ गुण पडले एवढे तक्ता सांगतो. त्या १०४ मध्ये चुकीच्या उत्तरसूचीमुळे गमावलेले दोन गुण किती आणि निव्वळ दैवावर मिळालेले दोन गुण किती, हे तो सांगत नाही. ते सांगण्याची जी साधी रीत गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घडत गेली, तिचा आणि तिच्या मर्यादांचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

बहुपर्यायी प्रश्न ही वस्तू फार पुरातन नाही. अमेरिकेतील कॅन्सस येथे फ्रेडरिक केली या गृहस्थांनी १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची जी चाचणी तयार केली, तिच्यापासून या जातीच्या प्रश्नांचा इतिहास सामान्यतः सांगितला जातो, आणि दोनच वर्षांनी, म्हणजे १९१७ साली, अमेरिकी सैन्याने भरतीसाठी आलेल्या लक्षावधी तरुणांवर अशाच प्रश्नांचा मारा केला तेव्हा ती जगभर माहीत झाली. (ज्या दुसऱ्या केलींचे नाव या लेखात पुढे येणार आहे ते ट्रूमन केली, संख्याशास्त्राचे जाणकार, दोघांची गफलत होऊ नये.) परंतु प्रश्नाची पारख मुलांच्या उत्तरांवरून करावी हा विचार त्याहूनही थोडा जुना आहे, आणि तो मराठी मुलखात फार दुरून आला असे मानण्याचे कारण नाही. बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये रचलेल्या बुद्धिमापन कसोट्या धारवाडकडील मराठी व कानडी मुलांस लागू पडाव्यात म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी जे दीर्घ परिश्रम केले व ज्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला, त्या कामाचा पायाच मुळी हा होता की, अमुक वयाची शेकडा किती मुले अमुक प्रश्न सोडवितात हे मोजल्यावाचून तो प्रश्न त्या वयाचा आहे असे म्हणता येत नाही. पॅरिसच्या सात वर्षांच्या मुलाला सोपा असलेला प्रश्न धारवाडच्या सात वर्षांच्या मुलाला सोपा असेलच असे नाही. काठिण्य हा प्रश्नाच्या अंगचा गुण नसून प्रश्न आणि त्याचे उत्तर देणारी मुले यांच्यामधला संबंध आहे, ही गोष्ट तेथे स्पष्ट झाली होती.

पुढे १९५७ साली शिकागो विद्यापीठाचे बेंजामिन ब्लूम भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि त्या पाठोपाठ १९५८ साली माध्यमिक शिक्षणासाठी केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला, तेव्हा ही रीत शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात शिरली. बी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाने ती एकदा तरी वाचलेली असते. वाचलेली असते म्हणजे वापरलेली असते असे नव्हे.

रीत अशी. उत्तरपत्रिका एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने लावावयाच्या, वरच्या शेकडा २७ एका बाजूस व खालच्या शेकडा २७ दुसऱ्या बाजूस काढून ठेवावयाच्या, मधल्यांना त्या दिवसापुरती विश्रांती द्यावयाची, आणि मग प्रत्येक प्रश्नासाठी वरच्या गटातील किती मुलांनी कोणता पर्याय निवडला व खालच्या गटातील किती मुलांनी कोणता, याची मोजदाद करावयाची. दोन्ही गट मिळून बरोबर उत्तर देणाऱ्यांचे जे प्रमाण निघते त्यास काठिण्यमूल्य म्हणतात, आणि वरच्या गटातील बरोबर उत्तरांतून खालच्या गटातील बरोबर उत्तरे वजा करून त्या शेषास एका गटाच्या संख्येने भागिले असता जे निघते त्यास भेददर्शक मूल्य म्हणतात. काठिण्यमूल्य हे नाव मोठे फसवे आहे, कारण ते जितके जास्त तितका प्रश्न सोपा. पहिल्याच वाचनात विद्यार्थी येथे अडखळतो, आणि त्यास सुलभतामूल्य म्हणावे असे अनेकांनी सुचविले असूनही रूढ नाव काही हटत नाही. भेददर्शक मूल्य उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ते शून्याच्या वर असेल तर ज्यांना विषय येतो अशांनी प्रश्न अधिक सोडविला. शून्य असेल तर प्रश्नाला जाणता आणि अजाण यांतला फरकच कळला नाही. आणि ते उणे निघाले, तर ज्यांना एकंदर विषय कमी येतो त्यांनीच तो प्रश्न अधिक सोडविला, अशी विपरीत अवस्था.

शेकडा २७ हा आकडा कोठून आला, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतोच, आणि बहुधा त्याला समाधानकारक उत्तर मिळत नाही. येथे दोन गोष्टींची ओढाताण आहे. केवळ टोकाची चार मुले वर आणि चार मुले खाली घेतली तर दोन्ही गटांतील अंतर प्रचंड, पण मुले इतकी थोडी की एकाच्या चुकीने सारा हिशेब फिरावा. उलट अर्धी वर व अर्धी खाली अशी वाटणी केली तर संख्या भरपूर, पण मध्यावरची दोन जवळजवळ सारखीच मुले विरुद्ध गटांत जाऊन बसतात आणि अंतर बोथट होते. गुणांचे वितरण नेहमीच्या घंटाकृती वक्ररेषेप्रमाणे आहे असे धरून या दोहोंचा मेळ कोठे उत्तम बसतो हे ट्रूमन केली यांनी १९३९ साली गणिताने दाखविले, तो बिंदू म्हणजे शेकडा २७. त्याभोवतीची रेषा इतकी सपाट आहे की २५ किंवा ३३ घेतल्याने काही अनर्थ होत नाही. तीस मुलांच्या वर्गात तर दहा-दहा किंवा सरळ पंधरा-पंधरा घेणेच शहाणपणाचे. परंतु छापील आकड्याचा धाक असा की, बावीस मुलांच्या वर्गात ५.९४ मुले कशी काढावीत, या विवंचनेत पडलेले शिक्षक मी पाहिले आहेत.

आता हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. आरोंदा व आसपासच्या काही गावांतील मिळून शंभर मुले सराव परीक्षेस बसली आहेत, म्हणजे दोन्ही गटांत सत्तावीस-सत्तावीस मुले आहेत, असे समजू. खालील आकडे समजुतीसाठी कल्पिलेले आहेत, प्रश्न मात्र आपल्या सरावपुस्तिकांत ज्या जातीचे असतात त्याच जातीचे घेतले आहेत.

पहिला प्रश्न गणिताचा. ६४० नारळांपैकी एक अष्टमांश नासके निघाले, तर चांगले नारळ किती? पर्याय ८०, ५६०, ६३२ आणि ७२०. वरच्या गटातील २३ मुलांनी ५६० हे बरोबर उत्तर दिले, दोघांनी ८० व दोघांनी ६३२ निवडले. खालच्या गटातील ९ मुलांनी ५६०, ११ मुलांनी ८०, सहांनी ६३२ आणि एकाने ७२० निवडले. चोपन्न मुलांत बत्तीस बरोबर, म्हणून काठिण्यमूल्य ०.५९, तेवीसातून नऊ गेले चौदा, भागिले सत्तावीस, म्हणून भेददर्शक मूल्य ०.५२. रॉबर्ट एबल यांनी जी श्रेणी रूढ केली तिच्यात ०.४० च्या वरचा प्रश्न उत्तम, ०.३० ते ०.३९ चांगला, ०.२० ते ०.२९ सुधारण्याजोगा आणि त्याखालचा टाकाऊ किंवा पुन्हा घडविण्याजोगा मानतात. त्या मापाने हा प्रश्न अव्वल ठरतो, आणि बहुतेक ठिकाणी पृथक्करण येथेच थांबते. परंतु खरी माहिती त्यापुढच्या रकान्यांत आहे. खालच्या गटातील अकरा मुले ८० वर थांबली, म्हणजे त्यांना अष्टमांश काढता आला, पण तो नासक्या नारळांचा आकडा आहे आणि विचारले आहे ते दुसरेच, हे वाचावयाचे राहिले; सहांनी ६४० मधून सरळ ८ वजा केले, म्हणजे त्यांना अपूर्णांकच उमगलेला नाही. चुकणाऱ्या या दोन टोळ्यांना एकाच पुनरध्यापनाच्या तासाला बसविणे व्यर्थ आहे. आणि ७२० हा पर्याय बिनकामाचा निघाला: नारळ नासल्याने वाढतात असे या काठावरचे कोणते मूल मानील? चार पर्यायांचा म्हणून छापलेला हा प्रश्न वस्तुतः तीनच पर्यायांचा होता, आणि अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक चतुर्थांशावरून एक तृतीयांशाकडे सरकलेली होती.

दुसरा प्रश्न भाषेचा: समुद्र या अर्थाचा नसलेला शब्द ओळखा. पर्याय क्रमाने सागर, रत्नाकर, सलिल आणि अर्णव. सलिल म्हणजे पाणी, म्हणून उत्तर तिसरे. परंतु उत्तरसूची लिहिणाऱ्याच्या हातून ३ च्या जागी २ पडला, आणि तपासणी त्याबरहुकूम झाली. वरच्या गटातील २४ मुलांनी सलिल निवडले, दोघांनी रत्नाकर, एकाने सागर. खालच्या गटात सलिल ११, रत्नाकर ६, सागर ५, अर्णव ५. सूचीप्रमाणे पाहता बरोबर उत्तरे वर दोन व खाली सहा, म्हणून काठिण्यमूल्य ०.१५ आणि भेददर्शक मूल्य उणे ०.१५.

तिसरा प्रश्न परिसरज्ञानाचा: तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेला तेरेखोलचा किल्ला कोणत्या राज्यात आहे? पर्याय महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ. वरच्या गटातील १७ मुलांनी महाराष्ट्र व १० मुलांनी गोवा म्हटले. खालच्या गटातील १४ मुलांनी गोवा, १० मुलांनी महाराष्ट्र, दोघांनी कर्नाटक व एकाने केरळ म्हटले. उत्तरसूचीत गोवा आहे, आणि ते बरोबर आहे. चोपन्नांत चोवीस बरोबर, काठिण्यमूल्य ०.४४, दहातून चौदा गेले उणे चार, म्हणून भेददर्शक मूल्य उणे ०.१५.

दोन प्रश्नांचे भेददर्शक मूल्य अगदी सारखे निघाले, तरीही त्यांचे दुखणे एक नाही. या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत उणे मूल्याचा प्रश्न आढळताच तो रद्द करावा असा जो सरसकट हुकूम दिलेला असतो, त्यावर माझा आक्षेप येथे आहे. उणे चिन्ह ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. आणि फिर्यादीची चौकशी पर्यायांच्या तक्त्यावाचून होऊ शकत नाही. सलिलच्या प्रश्नात वरच्या गटाने जवळजवळ एकमुखाने एका पर्यायाकडे बोट दाखविले आहे, आणि शिवाय काठिण्यमूल्य ०.१५ आहे, म्हणजे डोळे मिटून पर्याय निवडले असते तरी चौघांत एक या न्यायाने जितकी मुले बरोबर आली असती त्याहूनही कमी आली. जेथे जाणत्यांचे एकमत आणि दैवापेक्षाही वाईट निकाल या दोन गोष्टी एकत्र दिसतात, तेथे मुलांना बोलाविण्याआधी उत्तरसूची उघडावी. सूची दुरुस्त करून तोच हिशेब पुन्हा केला तर वर चोवीस, खाली अकरा, काठिण्यमूल्य ०.६५ आणि भेददर्शक मूल्य ०.४८: टाकाऊ ठरलेला प्रश्न पत्रिकेतील चांगल्या प्रश्नांत जाऊन बसतो. त्याला रद्द केले असते तर चोवीस हुशार मुलांची दाद लागली नसती, आणि गुण सर्वांना सारखे वाटले असते तर त्यांच्या ज्ञानाचे मोलही उरले नसते.

किल्ल्याच्या प्रश्नात मात्र वरचा गट एका पर्यायावर एकवटलेला नाही, तो दोघांत विभागलेला आहे. कर्नाटक व केरळ यांच्याकडे त्याने पाहिलेही नाही. हे चित्र चुकीच्या सूचीचे नव्हे, ते एका विशिष्ट समजुतीचे आहे, आणि ती समजूत काय असावी हे आरोंद्याच्या धक्क्यावर उभे राहिले की चटकन कळते. समोर पलीकडच्या तीरावर किरणपाणी, तो गोवा. मध्ये नदी, ती सीमा. आणि नदीच्या अलीकडचे ते महाराष्ट्राचे, असा नियम पुस्तक वाचणारे मूल नकाशावरून बसविते. तो नियम येथे खरा आहे, आणि मुखाशी मात्र खोटा. कारण तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर असूनही, सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतल्यापासून, गोव्याकडे राहिला. जे मूल कोणाबरोबर तरी त्या किल्ल्यापर्यंत जाऊन आलेले आहे त्याने वाटेवरच्या पाट्या पाहिलेल्या असतात, त्याला नियमाची गरज नाही. ज्याने नियम शिकला पण किल्ला पाहिला नाही ते हमखास चुकते. प्रश्न सदोष नाही, त्याचे उत्तर निर्विवाद आहे; परंतु तो जे मोजतो ते बाकीची पत्रिका मोजते त्याहून निराळे आहे, आणि भेददर्शक मूल्याला नेमका हाच निराळेपणा कळतो. कारण त्याचा न्यायाधीश बाहेरचा कोणी नसून त्याच पत्रिकेची एकूण बेरीज आहे. बेरीज ज्या बाजूला झुकलेली, त्या बाजूने जाणारा प्रश्न चांगला, आणि विरुद्ध जाणारा वाईट, एवढेच तो निर्देशांक म्हणतो. बेरीजच भलतीकडे झुकलेली असेल तर त्याचा निर्णयही तसाच.

याचे एक उदाहरण आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेतच आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पूर्वी ती चौथी व सातवीसाठी असे, २०१६-१७ साली ती पाचवी व आठवीकडे नेण्यात आली. तिच्या पहिल्या पत्रिकेत प्रथम भाषेचे २५ व गणिताचे ५० मिळून ७५ प्रश्न असतात, आणि दुसरीत तृतीय भाषेचे २५ व बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. आता पहिल्या पत्रिकेच्या एकूण गुणांवरून वरचा व खालचा गट पाडले तर तो निवाडा दोन तृतीयांश गणिताने केलेला असतो; ज्या मुलीला मराठी उत्तम येते पण अपूर्णांकांची भीती वाटते ती खालच्या गटात जाते, आणि व्याकरणाचा अगदी निर्दोष प्रश्न तिने बरोबर सोडविल्याबद्दल त्या प्रश्नाचे भेददर्शक मूल्य घसरते. असे पृथक्करण करून भाषेचे प्रश्न बदलीत गेले, तर काही वर्षांत भाषेचे प्रश्न गणित येणाऱ्यांनाच सुटतील असे होत जातील, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून भाषेच्या प्रश्नांसाठी गट भाषेच्या पंचवीस प्रश्नांच्या गुणांवरून व गणिताच्या प्रश्नांसाठी गणिताच्या पन्नास प्रश्नांच्या गुणांवरून, असे वेगवेगळे पाडावे लागतात. काम दुप्पट होते, त्याला इलाज नाही.

उलट बाजूने, फार थोड्या प्रश्नांची चाचणी असेल तर प्रश्न स्वतःलाच मत देतो. दहा प्रश्नांच्या चाचणीत एकूण गुणांचा एक दशांश हिस्सा तपासल्या जाणाऱ्या प्रश्नाचाच असतो. दहाही प्रश्नांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसला तरी प्रत्येकाचा बेरजेशी असलेला सहसंबंध सुमारे ०.३२ दिसतो, आणि शिक्षक संतुष्ट होतो. त्या प्रश्नाचा गुण वगळून बेरीज करणे हा त्यावरचा उपाय. संगणकावर सर्व मुलांचा सहसंबंध काढण्याची जी पद्धत आज मोठ्या परीक्षांत चालते, तिच्यात ही वजावट सहज होते, आणि मधल्या शेकडा ४६ मुलांना बाजूला ठेवण्याचेही कारण उरत नाही. वरचा-खालचा गट ही मुळात बोटांवर मोजणाऱ्यांची सोय होती, आणि पडवीत कंदिलाशी बसणाऱ्यांसाठी ती अजूनही सोयीची आहे.

परंतु खेड्यातील शाळेची खरी अडचण निराळीच आहे, ती संख्येची. भेददर्शक मूल्य हे दोन प्रमाणांमधले अंतर असल्यामुळे गट लहान असला की ते केवळ योगायोगानेही बरेच हलते. मध्यम काठिण्याच्या प्रश्नासाठी गटात सत्तावीस मुले असता ही हालचाल सरासरी ०.१४ च्या आसपास असते, गटात आठच मुले असता ०.२५, आणि दोनशे सत्तर असता ०.०४ च्या आसपास. याचा अर्थ असा की, तीस मुलांच्या एका वर्गावरून एखाद्या प्रश्नास ०.२० मिळाले म्हणून सुधारण्याजोगा आणि दुसऱ्यास ०.३० मिळाले म्हणून चांगला ठरविणे, हे खाडीला भरती असताना लाटेवरून पाण्याची खोली ठरविण्यासारखे आहे. एबल यांची श्रेणी तेथे लावणे व्यर्थ. आमच्या किल्ल्याच्या प्रश्नाचे उणे ०.१५ देखील योगायोगाच्या एका पावलाइतकेच आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे; त्यावरून एवढेच ठामपणे म्हणता येते की, ०.४० च्या जवळपास असलेला प्रश्न तो नाही. सलिलच्या प्रश्नाचे उणे ०.१५ ही तितकेच दुबळे होते. तेथे आपली खात्री पटली ती भेददर्शक मूल्याने नव्हे, सत्तावीसांतल्या चोवीसांनी एकाच पर्यायावर बोट ठेवल्याने. म्हणूनच एका शाळेने एका वर्षी केलेल्या पृथक्करणापेक्षा, केंद्रातील दहा शाळांनी एकच पत्रिका वापरून आपले तक्ते एकत्र केले किंवा तोच प्रश्न तीन वर्षे वापरून आकडे साठविले, तर त्यास अर्थ येतो.

काठिण्यमूल्यालाही अशाच कानपिचक्या द्याव्या लागतात. चार पर्यायांच्या आणि चुकीस दंड नसलेल्या प्रश्नात निव्वळ अंदाजाने ०.२५ मिळतेच, म्हणून शून्य ते एक यांचा मध्य ०.५० हा येथे आदर्श नव्हे, ०.२५ व १ यांचा मध्य ०.६२ च्या आसपास येतो, आणि फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५२ साली दाखविले की अंदाजाचा गोंधळ ध्यानात घेता सर्वांत उपयुक्त जागा त्याहूनही वर, सुमारे ०.७४ ला असते. वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना चारांपैकी दोन पर्याय अचूक असतात. तेथे दोन्ही अंदाजाने बरोबर पडण्याची शक्यता सहात एक, त्यामुळे त्या प्रश्नांची मोजपट्टी इतरांपेक्षा वेगळी ठेवावी लागते. आणखी एक गोष्ट अशी की, सोपा प्रश्न भेद करूच शकत नाही. दोन्ही गट मिळून शेकडा नव्वद मुलांनी जो सोडविला, त्याचे भेददर्शक मूल्य वरच्यांपैकी एकही मूल चुकले नाही असे धरले तरी ०.२० च्या पलीकडे जात नाही. शिष्यवृत्तीसाठी मुले निवडावयाची असतील तर असा प्रश्न जागा अडवितो हे खरे. पण तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी सर्वांना आली की नाही हे पाहावयाचे असेल, तर शेकडा पंचाण्णव मुलांनी सोडविलेला आणि शून्य भेद करणारा प्रश्न ही शिक्षकाच्या कामाची पावती आहे. मुले निवडण्यासाठी घडलेले हत्यार शिकविण्याच्या कामी लावल्यामुळे, चांगले शिकविलेले धडेच पत्रिकेतून हद्दपार झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

भाषेचा आणि परिसराचा प्रश्न यापेक्षाही नाजूक. खाजण म्हणजे काय, असा प्रश्न आरोंद्यात विचारला तर काठिण्यमूल्य ०.९० च्या घरात जाईल, कारण भरतीचे खारे पाणी शिरणारी ती जमीन येथील मूल रोज पाहते. हुरडा म्हणजे काय, हा प्रश्न सोलापूरकडे तसाच. पण दोन्ही मुलखांतल्या उत्तरपत्रिका एकत्र करून पृथक्करण केले, आणि त्या वर्षी एका मुलखातील मुलांचे एकूण गुण कोणत्याही कारणाने वर असले, तर त्या मुलखाचा शब्द विचारणारा प्रश्न उत्तम भेद करणारा म्हणून मिरवील आणि दुसऱ्याचा शब्द टाकाऊ ठरेल. निर्देशांकाने येथे ज्ञानाचा भेद नव्हे, गावाचा भेद मोजलेला असतो. यावर उपाय एवढाच की, एकूण गुण सारखे असलेली दोन मुलखांतली मुले शेजारी ठेवून त्याच प्रश्नावर ती सारखी वागतात का हे पाहावे. मोठ्या परीक्षांच्या पृथक्करणात अलीकडे या तपासणीसाठी स्वतंत्र रकाना असतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा रकाना आहे असे मला वाटते.

परीक्षा परिषद परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध करते, हरकती मागविते आणि त्यांवरून अंतिम सूची काढते, ही रीत चांगली आहे. पण हरकत घेणारा तोच असतो ज्याला चूक दिसली आणि ज्याच्यापाशी ती मांडण्याची सवड व साधन आहे. सलिलसारखी चूक पर्यायांच्या तक्त्यात, कोणी हरकत न घेताही, ठळक उमटलेली असते. हरकतींच्या अर्जांबरोबर तो तक्ताही टेबलावर असावा, एवढीच अपेक्षा.

राहता राहिला किल्ला. तो प्रश्न मी टाकणार नाही, पण तसाच ठेवणारही नाही. पुढच्या वर्षी त्याचा मुखडा फिरवून असा विचारीन: नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडणारा किल्ला कोणता? पर्याय तेरेखोल, रेडीचा यशवंतगड, शापोरा आणि निवती. आता नियम जाणणाऱ्या मुलाला प्रश्नच सांगतो की येथे अपवाद आहे, आणि यशवंतगड निवडणारी मुले किती निघतात यावरून रेडी आणि तेरेखोल यांच्यामधली सीमा कोणाला ठाऊक नाही ते कळेल. जुन्या प्रश्नाचे पोस्टकार्डाएवढे कागदी टिपण मी फाडलेले नाही: समोरच्या बाजूस प्रश्न व उत्तर, मागे तारीख, गटातील मुलांची संख्या, दोन्ही मूल्ये, आणि त्यांच्या खाली चारही पर्यायांच्या दोन ओळी, वरच्यांची व खालच्यांची. त्याच्या शेजारी नव्या प्रश्नाचे टिपण आहे, आणि त्याची मागची बाजू अजून कोरी आहे.